सोसायटीची नोटीस आणि मिनिट्स लिहिताना "हे", "ते", "त्यामुळे" कसे तपासायचे: नवीन सेक्रेटरी आणि कमिटीवाल्यांसाठी

मुंबईत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीत राहताय आणि यंदा कमिटीत निवडून आलात, तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी म्हणणार, "तुम्हाला मराठी चांगलं येतं ना, मग नोटीस तुम्हीच काढा." मीही असाच या कामात आलो आणि कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बरीच वर्षं नोटिसा, मिनिट्स, ठराव लिहितोय. नोटीस बोर्डावर लागल्यावर वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे जे प्रश्न विचारायला येतात, त्यातले बरेचसे शुद्धलेखनाचे नसतात. "म्हणजे नेमकं काय बंद राहणार?", "म्हणजे कोणी नाही म्हटलं?", "म्हणजे पैसे भरायचे की नाही?" असे असतात, आणि नोटीस उघडून बघितली की तिथे "तो", "त्याने", "तसं" असा एखादा शब्द बसलेला असतो, ज्याचं बोट नक्की कोणाकडे आहे ते लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. लिहिणारा मीटिंगला होता, वाचणारा नव्हता, एवढाच फरक.

हा लेख फक्त त्या बोट दाखवणाऱ्या शब्दांबद्दल आहे. भाषा सुंदर कशी करायची वगैरे यात नाही.

काय लागेल

- नोटिशीचा किंवा मिनिट्सचा कच्चा मसुदा, शक्यतो प्रिंट काढून. स्क्रीनवर डोळा घसरतो.
- एक पेन्सिल, एक लाल पेन.
- मीटिंगचा अजेंडा आणि मीटिंगमध्ये तुम्ही खरडलेल्या नोंदी, कारण दुरुस्त करताना "खरंच काय ठरलं होतं" हे परत बघावं लागतं.
- मीटिंगला न आलेला एक माणूस. घरातलं कोणीही चालेल.

आधी हा मसुदा वाचा

ही नोटीस मी उदाहरणासाठी तयार केलीय, पण यातलं प्रत्येक वाक्य ज्या प्रकारचं आहे तशी वाक्यं तुम्हाला कुठल्याही जिन्याखालच्या बोर्डावर सापडतील. पुढे आकड्यांनी वाक्यं सांगतोय म्हणून नंबर टाकलेत.

> (१) सर्व मेंबरना कळवण्यात येतं की गच्चीवरच्या टाकीची गळती आणि बी विंगचा पाण्याचा पाइप ही कामं काढली आहेत. (२) कंत्राटदाराने इंजिनिअरला रिपोर्ट दिला पण त्याने ते मान्य केलं नाही. (३) त्यामुळे ते आता पुढच्या आठवड्यात होईल. (४) खालच्या पंपाचा व्हॉल्व्ह बदलायचा आहे, तो मंगळवारी १० ते ४ बंद राहील. (५) याचा खर्च सिंकिंग फंडातून करायचा की नाही हे जनरल बॉडीत ठरेल, तसं झालं तर ते प्रत्येकाला भरावं लागेल. (६) ज्यांना याबाबत काही म्हणायचं आहे त्यांनी ते आपल्याकडे लेखी द्यावं.

पहिल्यांदा वाचताना यात काही चूक दिसत नाही, सगळं ओळखीचं वाटतं, म्हणूनच ही नोटीस बोर्डावर जाते.

पायरी १: बोट दाखवणारे सगळे शब्द गोल करा

पेन्सिलने गोल करत जा: हा, ही, हे, तो, ती, ते, त्या, या, आणि त्यांची सगळी पिल्लं, म्हणजे त्याने, तिला, त्यांनी, याचा, त्यात, यावर, त्यामुळे, त्यानुसार, असं, तसं, तिथे, आपण, आपला. वरच्या सहा ओळींत पहिलं वाक्य सोडलं तर (त्यातलं "ही कामं" सरळ आहे) प्रत्येक वाक्यात एक ते चार गोल पडतात.

मसुदा फोनवर किंवा कॉम्प्युटरवर असेल आणि फाइंड वापरून शोधायचं असेल तर एक अडचण लक्षात ठेवा. नुसतं "हे" शोधलं की प्रत्येक "आहे" उजळतो, "ते" शोधलं की "होते" आणि "येते", आणि "या" शोधलं तर "द्यावा", "गेल्या", "रस्त्यावर" सगळंच. म्हणून शब्दाच्या आधी एक स्पेस टाकून शोधायचं. तरीही पॅराग्राफच्या अगदी सुरुवातीला आलेला "त्यामुळे" निसटतो कारण त्याच्या आधी स्पेस नसते, आणि नेमका तोच जास्त घातक असतो, कारण तो अख्ख्या मागच्या पॅराग्राफकडे बोट दाखवतो. मी म्हणूनच कागदच पसंत करतो.

पायरी २: प्रत्येक गोलापासून मागे बाण काढा

प्रत्येक गोलापासून तो ज्या नामाबद्दल आहे तिथपर्यंत बाण काढायचा. तीन गोष्टी होऊ शकतात. बाण एकाच नामावर जातो, मग ठीक, सोडून द्या. बाण दोन ठिकाणी जाऊ शकतो, मग लाल पेनने फुली. किंवा बाण जायला नामच नाही, तो एखाद्या पूर्ण वाक्याकडे किंवा फक्त तुमच्या डोक्यातल्या आठवणीकडे जातो, तिथेही फुली.

अट एकच, बाण काढताना "अर्थावरून कळतंच की" असं स्वतःला सांगायचं नाही. अर्थ तुम्हाला कळतो कारण तुम्ही मीटिंगला होता.

आता (४) बघा. "पंपाचा व्हॉल्व्ह बदलायचा आहे, तो बंद राहील." व्हॉल्व्ह बंद राहील की पंप बंद राहील? लिहिणाऱ्याला पंप म्हणायचंय, पण वाक्यात "तो"च्या सगळ्यात जवळचं नाम व्हॉल्व्ह आहे. वाचणारा म्हणणार, व्हॉल्व्ह बंद राहणार, बरं, मग पाणी येईल की नाही? पंप सहा तास बंद म्हणजे वरची टाकी भरणार नाही, आणि दुपारी दोनला साबण लावलेल्या माणसाला ते कळणार. इथे उपाय अगदी साधा आहे, "तो" काढून "पंप" लिहा. नाम दोनदा आलं तरी काही बिघडत नाही.

शाळेत "तोच शब्द परत परत वापरू नका" असं शिकवलेलं असतं आणि नवीन लिहिणारे ते इथे लावतात, म्हणून पंपाच्या जागी एकदा "तो", एकदा "सदर यंत्र", एकदा "मोटर" असं लिहितात. त्यात मग वाचणाऱ्याला वाटतं पंप वेगळा आणि मोटर वेगळी. नोटिशीत एका वस्तूला एकच नाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पायरी ३: लिंग कुठे वाचवतं आणि कुठे दगा देतं

ही पायरी जरा सावकाश वाचा, कारण मराठीतला सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे.

मराठीत तीन लिंगं असल्यामुळे आपलं बरंच काम आपोआप होतं. "टाकीला पाइप जोडला, तो गळतोय" म्हटलं की गळतोय तो पाइप, कारण टाकी असती तर "ती गळतेय" झालं असतं. म्हणून आपण बिनधास्त असतो, मराठीत घोळ होतच नाही असं वाटतं.

पण हा फरक शब्दाला प्रत्यय लागला की अर्धा पुसला जातो. तो पाइप, ते बिल. आता याला "ला" लावा: त्याला, त्याला. "चा" लावा: त्याचा, त्याचा. त्याने, त्यात, त्यावर, त्यामुळे, पुल्लिंग आणि नपुंसकलिंग दोन्हींचं रूप एकच. फक्त स्त्रीलिंग वेगळं राहतं, तिला, तिचा, तिच्यात. म्हणजे "चेक आणि बिल मिळालं, त्यावर सही नाही" यात सही कशावर नाही ते व्याकरण सांगत नाही. चेक आणि पावती असती तर "त्यावर" आणि "तिच्यावर" असा फरक निदान करता आला असता, पण लोक बोलताना निर्जीव वस्तूला "तिच्यावर" सहसा म्हणतच नाहीत, पावती असली तरी "त्यावर"च म्हणतात. म्हणजे उरलेला आधारही गेला.

अनेकवचनात तर पूर्ण सफाया. त्यांना, त्यांचे, त्यांनी, तिन्ही लिंगांना एकच. "भाडेकरूंना आणि मालकांना पत्रं गेली, त्यांनी उत्तर दिलं नाही", कोणी दिलं नाही?

आणि साधं "ते" घ्या. एक नपुंसक वस्तू, ते बिल. अनेक पुरुष, ते मेंबर. एक आदराचा माणूस, ते पाटीलसाहेब. वर पूर्ण घटनेलाही "ते". एका एकाक्षरी शब्दावर इतकी कामं.

आता (२) वर या. "कंत्राटदाराने इंजिनिअरला रिपोर्ट दिला पण त्याने ते मान्य केलं नाही." "त्याने" म्हणजे इंजिनिअर की कंत्राटदार, दोघेही पुल्लिंगी. "ते" म्हणजे रिपोर्ट तर नक्कीच नाही, कारण रिपोर्ट "तो" असतो, "तो मान्य केला नाही" झालं असतं. मग "ते" काय? रिपोर्टमधलं म्हणणं? इंजिनिअरने नंतर काही सुचवलं आणि कंत्राटदाराने ते मान्य केलं नाही? दोन अर्थ बघा किती लांब आहेत. एका अर्थाने कंत्राटदाराचं काम कच्चं निघालं. दुसऱ्या अर्थाने कंत्राटदार आडमुठेपणा करतोय. बोर्डासमोर उभे असलेले चार लोक यातला एकेक अर्थ घेऊन घरी जातात आणि संध्याकाळी ग्रुपवर भांडण सुरू.

लिंग जुळत नसेल, म्हणजे रिपोर्टला "ते" आणि नोटिशीला "ते" असं तुमच्या मसुद्यात दिसलं, तर ती नुसती व्याकरणाची चूक समजून "तो", "ती" करून पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या मनात त्या क्षणी दुसरीच कुठली गोष्ट होती आणि ती कागदावर आलीच नाही. ती कोणती होती ते नोंदी काढून बघा.

पायरी ४: पूर्ण घटनेकडे बोट दाखवणारे "हे", "यामुळे", "याला", त्यांच्यापुढे एक नाम बसवा

(३) मधलं "त्यामुळे ते". त्यामुळे म्हणजे रिपोर्ट दिल्यामुळे, की मान्य न झाल्यामुळे? आणि "ते होईल" म्हणजे कुठलं काम? पहिल्या वाक्यात दोन कामं आहेत. लिहिणाऱ्याला फक्त टाकीचं म्हणायचंय, पाइपचं काम मंगळवारीच आहे. पण बी विंगवाले हे वाचून धरून चालतील की सगळंच पुढे गेलं, आणि मंगळवारी पाणी भरून ठेवणार नाहीत.

असा शब्द एखाद्या वस्तूकडे बोट दाखवत नसून मागच्या अख्ख्या घडामोडीकडे दाखवत असेल, तर उपाय म्हणजे त्याच्यापुढे त्या घडामोडीचं नाव घालायचं. "यामुळे" न लिहिता "या विलंबामुळे", "या नकारामुळे", "या ठरावामुळे". "याला" न लिहिता "या खर्चाला", "या नेमणुकीला". नाव शोधताना तुम्हालाच कळतं की मागच्या तीन वाक्यांतली नक्की कुठली गोष्ट तुम्हाला धरायची होती. नाव सापडतच नसेल तर गोष्ट तुम्हालाच अजून स्पष्ट नाही, मग थांबून चेअरमनना फोन करा.

नाम निवडताना सांभाळा मात्र. "या विलंबामुळे" आणि "या हलगर्जीपणामुळे" यात फरक आहे, दुसऱ्यात तुम्ही कोणावर तरी ठपका ठेवलात आणि तो सोसायटीच्या लेटरहेडवर गेला. जेवढं ठरलंय तेवढंच सांगणारं साधं नाम घ्या.

मिनिट्समध्ये ही पायरी सोडली तर पैशांचं नुकसान होतं. हा नमुना बघा:

> चेअरमननी सांगितलं की लिफ्टच्या एएमसीचं कोटेशन गेल्या वर्षीपेक्षा जास्त आलंय, सध्याची कंपनी तक्रार केल्यावर लवकर येत नाही आणि लिफ्टचा दोरही बदलावा लागणार आहे. याला सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.

"याला" म्हणजे कशाला? वाढीव कोटेशनला? कंपनी बदलायला? दोर बदलायला? तिन्ही? मीटिंगमध्ये बसलेल्यांना त्या दिवशी शंका नव्हती. पण मिनिट्स त्या दिवसासाठी लिहीत नाहीत. कमिटीची मुदत ५ वर्षांची, त्याआधीही लोक राजीनामे देतात, घरं विकून ठाण्याला जातात, आणि नवीन कमिटीच्या हातात फक्त रजिस्टर असतं. ऑडिटर विचारतो या बिलाला मंजुरी कुठे आहे, आणि रजिस्टरमध्ये "याला".

यात अजून एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. बँकेला, उपनिबंधक कार्यालयाला किंवा वकिलाला तुम्ही पूर्ण मिनिट्स पाठवत नाही, फक्त ठरावाची खरी नक्कल देता. म्हणजे चेअरमननी काय सांगितलं, चर्चा काय झाली, हे सगळं वर राहतं आणि "याला मंजुरी देण्यात आली" एवढं एकटं वाक्य बाहेर जातं. म्हणून ठरावाचा पॅराग्राफ असा लिहायचा की वरचं सगळं झाकलं तरी तो एकटा उभा राहील:

> ठराव: लिफ्टचा दोर बदलण्याच्या कामाला सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. एएमसीचं वाढीव कोटेशन आणि कंपनी बदलणं या दोन विषयांवरचा निर्णय पुढच्या मीटिंगपर्यंत राखून ठेवण्यात येत आहे.

खाली सूचक आणि अनुमोदक. माझी सवय अशी की रजिस्टरवर वरच्या चर्चेवर अख्खा कोरा कागद ठेवायचा आणि फक्त ठराव मोठ्याने वाचायचा. कुठे "वरीलप्रमाणे", "त्यानुसार", "याला" ऐकू आलं की तो ठराव परत लिहायचा.

पायरी ५: माणसांसाठी "त्यांनी", "त्यांची", "आपण" वापरताना नाव किंवा पद घाला

आदर दाखवायला आपण अनेकवचन वापरतो आणि ते सोडायचंही नाही, चेअरमनना "त्याने" म्हणून चालणार नाही. पण त्यामुळे एक माणूस आणि दहा माणसं एकाच रूपात येतात. हे वाक्य बघा, हे बँकेत जाणाऱ्या ठरावातलं आहे असं समजा:

> जुन्या सेक्रेटरींनी राजीनामा दिला असून त्यांच्या जागी नवीन सेक्रेटरींची नेमणूक झाली आहे, त्यामुळे यापुढे बँकेत त्यांची सही चालेल.

पहिल्या "त्यांच्या"चा बाण जुन्या सेक्रेटरींकडे, दुसऱ्या "त्यांची"चा नव्यांकडे, आणि दोन्ही एकाच वाक्यात. बँकेतला माणूस असं पत्र परत पाठवू शकतो आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. दोघांची पूर्ण नावं, पदं, आणि कोणाची सही बंद, कोणाची सुरू, ही दोन वेगळी वाक्यं करा.

टाइप करताना अनुस्वार सुटणं, हा वेगळाच त्रास. "त्यांचा" मधला टिंब गेला की "त्याचा" होतो, "त्यांना" लिहायच्या घाईत "त्याना". फोनच्या कीबोर्डवर हे सारखं होतं आणि स्पेलचेक काही बोलत नाही, कारण "त्याचा" हा बरोबरच शब्द आहे. वाचणारा मात्र एकाच माणसाबद्दल समजतो, किंवा एखाद्या वयस्कर मेंबरचा मान गेला म्हणून चिडतो. त्या- ने सुरू होणारे सगळे शब्द शेवटी एकदा फक्त टिंबासाठी वाचा.

आणि "आपण", "आपला". (६) मध्ये "आपल्याकडे लेखी द्यावं" आहे, म्हणजे कोणाकडे? कमिटीकडे, स्वतःकडे, की सगळ्यांकडे? मराठीत "आपण" म्हणजे तुम्ही, आपण सगळे, किंवा स्वतः, तिन्ही होऊ शकतं. "आपली थकबाकी आपण भरावी" असं एका मेंबरला पाठवलं तर ठीक, पण तेच बोर्डावर लावलं तर सोसायटीची थकबाकी सगळ्यांनी मिळून भरायची असंही वाचता येतं. बोर्डावर "मेंबरने", "कमिटीने", "सेक्रेटरीकडे" असं पदानेच लिहा.

पायरी ६: न लिहिलेला कर्ता शोधा

हा गोलात सापडत नाही कारण शब्दच नसतो. "प्लंबरला बोलावलं होतं, येऊन बघून गेले, करतो म्हणाले आहेत, पैसे दिलेले आहेत." कोण बघून गेलं, प्लंबर की आर्किटेक्ट? पैसे कोणी दिले, सोसायटीने की वरच्या मजल्यावरच्या मेंबरने, ज्याच्या बाथरूममुळे गळती होती? बोलताना मराठीत कर्ता गाळणं एकदम स्वाभाविक आहे, समोरचा "कोण?" विचारू शकतो. कागदाला विचारता येत नाही. प्रत्येक क्रियापदाला "कोण" विचारा, आणि जिथे पैसे, सही, परवानगी किंवा जबाबदारी आहे तिथे कर्ता लिहाच, बाकी ठिकाणी गाळलात तरी चालतं. "कळवण्यात येतं की" हेही त्यातलंच, पण नोटिशीखाली सेक्रेटरीची सही असते, त्यामुळे तिथे शंका राहत नाही.

पायरी ७: "सदर", "उपरोक्त", "वरील", "संबंधित" यांना भुलू नका

हे शब्द ऑफिशियल वाटतात म्हणून नवीन लोक "तो"च्या जागी "सदर" टाकतात आणि काम झालं समजतात. "सदर काम" म्हणजे "ते काम"च, बोट तेवढंच मोघम राहतं. "संबंधितांनी नोंद घ्यावी" वाचून तर कोणीच नोंद घेत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं संबंधित म्हणजे दुसरा. "बी विंग, फ्लॅट ३०१ ते ४०४" असं लिहा.

पायरी ८: व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी मेसेज एकटा वाचून बघा

बोर्डावरचा कागद निदान पूर्ण असतो. ग्रुपवर तुम्ही आधी फोटो टाकता, मग "हे उद्या होणार नाही" लिहिता, मधे दोघांनी गुड मॉर्निंग टाकलेलं असतं, आणि कोणीतरी तुमचा फक्त दुसरा मेसेज कॉपी करून सी विंगच्या ग्रुपवर फॉरवर्ड करतो. आता "हे" म्हणजे काय, आणि "उद्या" म्हणजे कधीचं उद्या? "उद्या", "परवा", "पुढच्या आठवड्यात" हेही बोट दाखवणारेच शब्द आहेत, फक्त तारखेकडे. वार आणि तारीख दोन्ही लिहा. फोटोवर बोलायचं असेल तर फोटोच्या कॅप्शनमध्येच लिहा म्हणजे दोन्ही एकत्र फिरतील, आणि जुन्या मेसेजबद्दल असेल तर रिप्लाय करूनही विषयाचं नाव परत लिहा.

पायरी ९: सगळेच "हे", "ते" काढू नका

वरच्या पायऱ्या शिकल्यावर काही लोक प्रत्येक "तो" खोडतात आणि नोटीस कोर्टाच्या नोटिशीसारखी होते: "मेंबरने मेंबरच्या गाडीवर मेंबरचा स्टिकर लावावा." ते वाचवत नाही. बाण एकाच नामावर जात असेल तर शब्द राहू द्या. "ज्यांनी फॉर्म भरला नाही त्यांनी..." यात "ज्यांनी" आणि "त्यांनी" एकमेकांना घट्ट बांधलेले आहेत, इथे काहीच हलवायचं नाही. "करायचा की नाही हे ठरेल" यातलं "हे" पण बरोबर आहे, ते लगेच मागच्या प्रश्नाकडेच जातं, दुसरीकडे जायला जागा नाही.

पण त्याच (५) मध्ये पुढचं "तसं झालं तर" मात्र पूर्ण नोटिशीतलं सगळ्यात धोक्याचं आहे. "फंडातून करायचा की नाही" यात दोन शक्यता आहेत, "तसं" म्हणजे त्यातली कुठली? वाचणारा साहजिकच पहिली धरतो, म्हणजे फंडातून खर्च झाला तर प्रत्येकाला पैसे भरावे लागतील. खरं तर नेमकं उलट आहे, फंडातून नाही झाला तर भरायचे. जनरल बॉडीत लोक या एका शब्दाच्या भरवशावर उलट्या बाजूने हात वर करतील. "की नाही" च्या नंतर "तसं", "असं", "तर तसे" कधीही लिहू नका, जी शक्यता म्हणायची आहे ती पूर्ण शब्दांत लिहा.

आता सगळ्या पायऱ्या लावून तीच नोटीस:

> सर्व मेंबरना कळवण्यात येतं की सोसायटीने दोन कामं काढली आहेत: गच्चीवरच्या टाकीची गळती आणि बी विंगचा पाण्याचा पाइप. टाकीच्या गळतीबद्दल कंत्राटदाराने दिलेला रिपोर्ट सोसायटीच्या इंजिनिअरने मान्य केलेला नाही, म्हणून टाकीचं काम मंगळवार, २१ तारखेपर्यंत पुढे ढकललं आहे. पाइपचं काम ठरल्याप्रमाणे मंगळवार, १४ तारखेलाच होईल. १४ तारखेला खालच्या पंपाचा व्हॉल्व्हही बदलायचा असल्याने पंप सकाळी १० ते दुपारी ४ बंद राहील.
>
> दोन्ही कामांचा खर्च सिंकिंग फंडातून करायचा की नाही हे जनरल बॉडीत ठरेल. खर्च फंडातून करायचा नाही असं ठरलं, तर प्रत्येक मेंबरला वाट्याची रक्कम वेगळी भरावी लागेल. कामांबद्दल किंवा खर्चाबद्दल ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांनी ते सेक्रेटरीकडे लेखी द्यावं.

लांबी वाढली, हो. पण मोजून बघा, "हे" आणि "ते" अजूनही आहेत, फक्त प्रत्येकाचा बाण एकच. "म्हणून" च्या आधी एकच कारण आहे. मसुदा दुरुस्त करताना "कोणी मान्य केलं नाही" हे नोंदींमधून काढावं लागलं, ते नुसत्या व्याकरणातून मिळालं नसतं, आणि ते माहीत नसेल तर नोटीस थांबवा, अंदाजाने "इंजिनिअरने" लिहू नका.

पायरी १०: मीटिंगला नसलेल्याला वाचायला द्या, पण "कळलं का" विचारू नका

"कळलं का" विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी कागद परत घ्या आणि तीन प्रश्न विचारा: मंगळवारी काय बंद आहे? कुठलं काम पुढे गेलं आणि कोणामुळे? पैसे केव्हा भरावे लागतील? जुना मसुदा वाचलेला माणूस पहिल्या प्रश्नाला "व्हॉल्व्ह", दुसऱ्याला "दोन्ही कामं", तिसऱ्याला "फंडातून केलं तर" असं सांगू शकतो, आणि पूर्ण खात्रीने सांगतो, तो गोंधळलेला दिसत नाही. हे ध्यानात ठेवा, कारण लोक विचारायला आले नाहीत म्हणजे नोटीस नीट होती असं नसतं. उत्तर चुकलं की त्या वाक्यातला गोल शोधा, नाव घाला, आणि मग दुसऱ्या माणसाला द्या, त्याच माणसाला परत नाही, कारण त्याला आता उत्तर माहीत झालंय.